शीर्षकात काय लिहू नये

सभासदांच्या हातच्या वस्तू विकणाऱ्या संस्थेची मॅनेजर चिठ्ठी लिहायला बसली की पॅकिंगच्या टेबलावरच्या बायका एकमेकींना खुणा करायच्या. तिची चिठ्ठी म्हणजे हुकूमच असायचा. त्या दिवशीचा हुकूम तर घरच्याच माणसाला होता, सख्ख्या भावजयीला.

भावजय नोकरीतून मोकळी झालेली. घरात बसवेना, आणि संस्थेला सभासदांच्या वस्तूंचे व्हिडिओ काढून नेटवर चढवायला फुकटचं माणूस हवं होतं. नणंद-भावजयीचं पहिल्यापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य, पण अडला हरी म्हणतात ना, तसं मॅनेजरनं तिला घेतलं. घेतलं आणि वर ही चिठ्ठी हातात ठेवली.

"वहिनी, शीर्षकात आधी वस्तू, मग ती कशाची आहे ते, मग संस्थेचं नाव. फोनवर लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं, म्हणून महत्त्वाचं ते पुढे. खालच्या माहितीतल्या पहिल्या एक-दोन ओळीच लोकांना दिसतात, बाकीचं उघडून कोणी वाचत नाही. तेव्हा मागवायची लिंक आणि माप तिथेच टाका, कसं धुवायचं ते त्याखाली. किंमत लिहू नका, बदलते. सभासदाचं नाव आणि फोन अजिबात नको. मागे गिऱ्हाइकं परस्पर घरी जाऊन भाव पाडत होती. फक्त सभासद क्रमांक टाका. 'बघाल तर थक्क व्हाल' असली आतषबाजी नको. आपण वस्तू विकतो, तमाशा करत नाही. नमुना देते. शीर्षक: लोकरीची शाल, हातविणीची. त्यापुढे संस्थेचं नाव. खाली: सभासद सतरा."

सभासद सतरा म्हणजे मॅनेजरची आई, म्हणजेच भावजयीची सासू.

"वन्सं, हे शीर्षक आहे की पार्सलवरचं लेबल?" भावजयीनं चिठ्ठी टेबलावर टाकली.

"लेबलच आहे. आत काय आहे ते बाहेरून कळायला नको?"

"हे बघायला कुत्रं तरी येईल का?"

"कुत्र्याला शाल लागत नाही, वहिनी."

टेबलावरच्या बायकांनी हसू दाबायला माना खाली घातल्या. भावजय लाल झाली, पण चिठ्ठी उचलून पर्समध्ये टाकली. साबण, टोपल्या, मेणबत्त्या, सगळ्यांचे व्हिडिओ तिनं चिठ्ठीबरहुकूम टाकले. आणि खरं सांगायचं तर ते पडून राहिले. ज्यानं बनवलं त्याच्याच घरचे बघायचे, बाकी कोणी नाही.

मग शालीचा व्हिडिओ आला आणि ऑर्डरींचा नुसता पाऊस पडला. खोकी संपली, टेप संपली. मॅनेजरला आधी आनंद झाला, कशाला खोटं बोला? मग तिनं शीर्षक वाचलं.

"थरथरत्या हातांची शेवटची शाल!"

ती तरातरा भावजयीपुढे जाऊन उभी राहिली. "शेवटची? कोण म्हणालं शेवटची?"

"आईच म्हणाल्या. सुया ठेवताना म्हणाल्या, आता ही शेवटची."

"अहो, ती प्रत्येक शालीला तेच म्हणते! मी शाळेत होते तेव्हापासून म्हणते आहे! तुम्ही त्याच घरात राहता, तुमच्या कानांत काय बोळे घातलेत?"

"राहते, म्हणूनच मला दिसतात ते हात. तुम्ही चार दिवसांनी येता, शाली मोजता आणि जाता." भावजयीचा आवाज चढला. "तुमच्या लेबलानं काय विकलं गेलं ते सांगा. एक टोपली?"

हे लागलं. लागलं म्हणूनच मॅनेजर जास्त ओरडली. "आत्ताच्या आत्ता बदला!"

शीर्षक बदलायला कितीसा वेळ लागतो? भावजयीनं तिच्या डोळ्यांदेखत बदललं, फोन आदळला आणि निघून गेली. मॅनेजरला वाटलं, मिटलं.

पण भावजयीनं तीच अक्षरं व्हिडिओ उघडण्याआधी दिसतं त्या चित्रावरही चिकटवली होती, पिवळी, ठसठशीत. शीर्षक बदललं तरी चित्र बदलत नाही. ते वेगळं काढून नवं लावावं लागतं. चिठ्ठीत चित्राचा उल्लेखच नव्हता, आणि रागाच्या भरात दोघींपैकी एकीच्याही ते डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर शाली न्यायला भावाच्या घरी आली, तर दारात संस्थेची साबणवाली उभी. डोळ्यांना पदर. बेल वाजली आणि दार उघडलं ते म्हातारीनंच, हातात सुयांवरची अर्धी शाल आणि काखेत लोकरीचा गुंडा.

साबणवाली किंचाळलीच. "अगं बाई! तुम्ही आहात?"

"मग कोण असायला हवं होतं?" म्हातारी म्हणाली.

साबणवालीनं ततपप करत फोन पुढे केला. म्हातारीला चष्म्याशिवाय पेपर वाचता यायचा नाही, पण ती पिवळी अक्षरं आंधळ्यालाही दिसली असती. तिनं ती वाचली. मग फोन लांब धरून, डोळे बारीक करून खालची ओळही कशीबशी वाचली. "सभासद सतरा," ती मोठ्यानं म्हणाली. साबणवालीनं केव्हाच काढता पाय घेतला होता.

भावजय आतून धावत आली. "आई, अहो, चांगल्यासाठीच केलं. किती लोकांना शाल हवी आहे बघा तरी!"

"हिनंच केलं, आई," मॅनेजर म्हणाली. "मी लिहून दिलं होतं, असलं काही टाकायचं नाही म्हणून."

"दाखव तुझं लिहिलेलं."

भावजयीनं पर्समधून चिठ्ठी काढून दिली, जरा जास्तच तत्परतेनं. म्हातारीनं चष्मा शोधला, खुर्चीत बसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. दोघी समोर उभ्या, शाळेत उभं केल्यासारख्या.

"एकीनं मला मारलं," म्हातारी म्हणाली, "आणि दुसरीनं नंबर दिला. शाल माझी, हात माझे. टाकायच्या आधी मला वाचून दाखवावं असं एकीच्या तरी मनात आलं का गं?"

मॅनेजरला आपले सगळे नियम पाठ होते. त्यांत हा नव्हता.

"आई, मी व्हिडिओ काढून टाकते," ती म्हणाली.

"काढू नकोस. त्यावर काय लिहायचं ते मी सांगते." म्हातारीनं मांडीवरच्या अर्ध्या शालीतून सुई ओढून काढली. टाके उघडे पडले. मग तिनं धागा धरला आणि शांतपणे उसवायला लागली. हात थरथरत होते, पण उसवायला थरथर आड येत नाही.

"आई, ती ऑर्डरीतली आहे!" नणंद-भावजय आयुष्यात पहिल्यांदा एका सुरात ओरडल्या.

"तुमची ऑर्डर तुम्ही विणा. मी शेवटची विणली, छापून आलंय." ओळीमागून ओळ सुटत होती, गुंडा वाढत होता. "हं, काढ फोन. आधी वस्तू ना? लिही, शाल."

मॅनेजरनं लिहिलं.

"मग पुढे लिही, विकायला नाही."

"आई, सगळ्या संस्थेचं नुकसान होईल. एवढ्या लोकांनी..."

"वाचून दाखव."

मॅनेजरनं भावजयीकडे पाहिलं. भावजय भिंतीकडे बघत होती.

"शाल. विकायला नाही," मॅनेजरनं वाचलं.

"आणि ते चित्रही बदल," म्हातारी म्हणाली आणि पुढची ओळ ओढली.