सात अंशांवर थांबलेला काटा

मी खोटं बोललो, हे आधीच कबूल करून टाकतो. त्या दिवशी पुन्हा ती वेळ आली असती तर पुन्हा बोललो असतो.

ज्या जहाजावर मी दिशा आणि नकाशे सांभाळायचो, त्याच्या इंजिनरूममध्ये सकाळी जनरेटर फुटला. दादा, माझा सख्खा थोरला भाऊ, तिथला थर्ड इंजिनियर. छातीपासून गुडघ्यापर्यंत भाजला. बंदर समोर पाच मैलांवर, पण मधे दोन्ही बाजूंना खडक असलेली अरुंद वाट आणि हाताला हात दिसणार नाही असं धुकं. रडार तीन दिवसांपूर्वीच बंद पडलेलं. जहाजांना बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटची बोटही बाहेर यायला तयार नव्हती. उपग्रह वगैरे लाड त्या काळी नव्हते. म्हणून वाटेच्या तोंडाशी आम्ही नांगर टाकला.

दिशा धरून आत जायला होकायंत्रं दोन. चुंबकी होकायंत्राला वीज लागत नाही, पण ते मुळात पृथ्वीच्या चुंबकाकडे बघतं, खऱ्या उत्तरेकडे नाही. त्यात आमच्या पोटात चार हजार टन लोखंडी पत्रे. जवळ लोखंड दिसलं की ते पाघळणारच. किती पाघळलंय, म्हणजे किती अंश चुकतंय, हे मोजायला माल भरल्यावर वेळच मिळाला नव्हता.

दुसरं होकायंत्र विजेवरचं, जायरो; त्याला लोखंडाचं सोयरसुतक नाही. त्यात जड चाक भन्नाट वेगाने फिरतं आणि आपल्या आसाची दिशा धरून ठेवतं. खाली पृथ्वी वळते, म्हणून आस कलायला लागतो. कलला की वजन त्याला खाली ओढतं, पण फिरतं चाक खाली न जाता आडवं वळतं. असं वळत वळत ते खऱ्या उत्तरेला येतं, पुढे निघून जातं, परततं, आणि दर खेपेला झोका लहान करत शेवटी स्थिर होतं. याला तास लागतात. वीज गेली तेव्हा आमचं चाक थांबलं होतं. दुसरा जनरेटर लागल्यावर मी ते नव्याने सुरू केलं.

"दोघांतला फरक दर चार मिनिटांनी लिही," कप्तान म्हणाला. आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो. "जहाज एकाच दिशेला तोंड करून उभंय. फरक बदलायचा थांबला की जायरो बसला."

पहिला फरक एकतीस अंश. मग तीस, अठ्ठावीस, असा उतरत गेला. मधे धावत खाली जाऊन आलो. दादा त्याच्या उशाशी बसलेल्या स्टुअर्डला, खाण्यापिण्याचं बघणाऱ्या माणसाला, विचारत होता, "निघालो का रे?" मला बघून म्हणाला, "धाकट्या, लवकर कर बाबा. सहन होत नाही."

पाऊण तासाच्या सुमारास फरक सात झाला. पुन्हा सात. पुन्हा सात. आठ मिनिटं काटा हलला नाही.

मला माहीत होतं. झोकासुद्धा टोकाला गेला की घटकाभर थांबतोच. पण जीव टांगणीला लागला होता.

"बसला," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

त्याने नांगर उचलायला सांगितलं. साखळी खडखडायला लागली. मी यंत्रासमोर उभा होतो, आणि काटा उलटा निघाला. सात. मग आठ. मी डोळे मिटले, उघडले. आठच. म्हणजे खरी उत्तर अजून लांब होती, आणि पाच मैलांत आम्ही सरळ खडकावर गेलो असतो. बावीस माणसं.

म्हणालो, "थांबवा. बसला नाही. टोकाला होता."

म्हाताऱ्याने नांगर परत टाकायला सांगितलं. साखळी पुन्हा खाली गेली. खालून दादाचा आवाज येत होता. मी फरक लिहीत राहिलो. पंधरापर्यंत गेला, बारावर आला, तेरावर ठरला. दोन तास. सात आणि तेरा, सहा अंशांचं अंतर.

निघालो. वाटेतला प्रत्येक बोया, खुणेचा तरंगता घंटेचा पिंप, जिथे असायला हवा तिथेच वाजला. धक्का वीस मिनिटांवर असताना स्टुअर्ड वर आला आणि टोपी काढून उभा राहिला. मी सुकाणूवरच्या माणसाला पुढचा कोर्स सांगितला, कारण सांगावाच लागतो.

घरी गेलो तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. सगळं सांगितलं, चाक, झोका, सात, आठ. काही लपवलं नाही.

"म्हणजे जहाज निघालं होतं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही थांबवलंत, भावजी?"

"बावीस माणसं होती, वहिनी."

"हो ना." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मग त्यांच्या घरी जाऊन सांगा. माझ्या घरात नका सांगू."