उडवलेला परिच्छेद

आमच्या आरोग्य पानावर जागा नेहमी कमी आणि दावे नेहमी मोठे. त्या मंगळवारच्या पानासाठी एक संशोधन आलं: रोज रेचक चूर्ण घेणाऱ्यांमध्ये कंपवाताचे रुग्ण दीडपट आढळले. मी उपसंपादक. हेडिंग दोन ओळींत बसेना, म्हणून 'रोजच्या चूर्णामुळे कंपवाताचा धोका' असं ठोकून दिलं आणि खालचे दोन परिच्छेद उडवले. शेवटचे परिच्छेद संशोधकांनी स्वतःची कातडी वाचवायला लिहिलेले असतात, असं माझं वीस वर्षांचं पक्कं मत होतं.

बाबांना सहा वर्षांपासून कंपवात आहे. आई त्यांना रोज काय काय कालवून देते याची मी कधी चौकशी केली नव्हती. मुलगी म्हणून हा माझा पराक्रम.

शनिवारी दुपारी घरी गेले तर बाबा ताटाकडे पाठ करून बसलेले.

"तुझ्या आईनं संप पुकारलाय," ते म्हणाले. "चार दिवस चूर्ण बंद. पोटाचा नगारा झालाय. विचारलं तर उठून जाते."

आई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. एकच भांडं पुन्हा पुन्हा पुसत होती. मी खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिनं डब्यामागून कात्रण काढून माझ्यापुढे धरलं.

"अकरा वर्षं दिलं गं मी. माझ्या हातानं. पाच वर्षं दिलं आणि मग त्यांचा हात थरथरायला लागला. बरोबर बसतंय ना?"

"आई, असं नसतं ते."

"तुमच्याच पेपरात आलंय. तुम्ही खोटं कशाला छापाल?"

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. हेडिंग मीच दिलं, हे त्या क्षणी सांगायचं धाडसही झालं नाही. मोबाइलवर मूळ मजकूर काढला आणि ज्यांना कात्री लावली होती ते परिच्छेद पहिल्यांदाच नीट वाचले. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: हा आजार हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी आतड्यांची हालचाल मंदावू शकतो. म्हणजे बद्धकोष्ठता ही आजाराचीच सुरुवात असू शकते आणि तिच्यासाठी लोक चूर्ण घेतात. आजार उघड होण्याच्या पंधरा वर्षं किंवा त्याहून आधीपासून चूर्ण घेणारेच फक्त पाहिले, तर फरक जवळजवळ उरत नाही. चूर्णानं आजार होतो असा निष्कर्ष यातून काढू नये.

"आई, तू चूर्ण सुरू कशाला केलंस?"

"कशाला म्हणजे? त्यांना चार-चार दिवस होत नव्हतं म्हणून."

"मग आधी काय आलं?"

तिनं मान हलवली. "तू मुलगी आहेस. मला बरं वाटावं म्हणून बोलशीलच."

बाबांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काकू, चष्मा लावणाऱ्यांना कमी दिसतं. म्हणून चष्म्यानं डोळे बिघडले असं म्हणाल का?"

"म्हणतात काहीजण," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "हे संशोधन एवढंच सांगतं की दोन गोष्टी जोडीनं दिसतात. कशामुळे काय झालं, ते त्यातून कळत नाही. काकांच्या आजाराचं कारण मी नाही सांगू शकत, कोणीच नाही सांगू शकत. पण तुमच्या चूर्णावर आळ घेण्यासारखं त्यात काही नाही. चार दिवस बंद ठेवलंत, त्याचाच त्रास त्यांना होतोय. आज सुरू करा आणि उद्यापर्यंत पोट साफ झालं नाही तर मला कळवा."

आई खुर्चीत बसली आणि हमसून रडली. बाबा भिंतीला धरत आत आले. थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "चार दिवस मनात हे घेऊन फिरत होतीस? वेडी कुठली. आधी चूर्ण दे, मग रड."

ती रडता रडता हसली. मलाही इतकं हलकं वाटलं की मी कबूल करून टाकलं, हेडिंग माझं होतं. आईनं पदरानं डोळे पुसले.

"मला तू आहेस समजवायला," ती म्हणाली. "बाकीच्यांना कोण आहे?"

तिच्या स्वयंपाकघरातूनच संपादकांना फोन केला. ते कुरकुरले, पण मी हटले नाही. मंगळवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती आली आणि दोन्ही परिच्छेद पूर्ण छापले.

अकरा वाजता ऑफिसचा फोन वाजला. एका वृद्ध गृहस्थांचा आवाज होता.

"आजचं ते चूर्णाचं खरं आहे ना? नक्की?"

"नक्की, काका."

"मग थांबा. हिला फोन देतो. माझा कंपवात तिच्या चूर्णामुळेच, असं धरून बसलीय, माझं ऐकत नाही. आठवडाभर नीट जेवली नाहीये."

पलीकडे फोन तिच्या हातात गेला. मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.