दशरथच्या कार्डावरचे महिने

सोमवारी दुपारी तीन वाजता मृणालिनीबाई गुप्ते यांनी सहदेव परबचा अर्ज टाइप न करताच परत दिला.

घाटकोपर स्टेशनजवळ एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बाईंचा टायपिंगचा क्लास होता. सकाळ-संध्याकाळ मुलं-मुली शिकायला येत आणि मधल्या रिकाम्या वेळात बाई नोकरीचे अर्ज इंग्रजीत टाइप करून देत. सहदेव एकोणीस वर्षांचा. आदल्या साली एस.एस.सी. झालेला. भांडुपच्या एका पंपांच्या कारखान्याला शिकाऊ टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारे, हवे होते. जाहिरातीत लिहिलं होतं, लेथवर प्रत्यक्ष काम केलेल्यांना प्राधान्य. एवढ्या एका ओळीमुळे सहदेवला रात्र रात्र झोप नव्हती.

त्याचा कच्चा अर्ज दोन पानं भरून होता. वडिलांची परळच्या गिरणीतली नोकरी, घरातली खाणारी तोंडं, शाळेतलं चित्रकलेचं बक्षीस, साहेबांची कृपादृष्टी. हाताला काय येतं ते सगळ्यात शेवटी, दीड ओळीत.

"कारखान्याला तुझे वडील ठेवायचेत की तू?" बाईंनी विचारलं. त्यांनी कोरा कागद घेतला आणि क्रम बदलून टाकला. नाव, वय, पत्ता, लगेच खाली प्रत्यक्ष कामाचा अनुभव, मग लहान अभ्यासक्रम, मग शाळा. त्याने दोन संध्याकाळचे वर्ग केले होते: एक यंत्रांचे आराखडे वाचण्याचा, दुसरा प्रथमोपचाराचा. बाईंनी दोन्ही वेगवेगळ्या ओळींवर घेतले. वर्ग कुठे केला, किती महिन्यांचा, परीक्षा झाली की नुसती हजेरी, हे खोदून खोदून विचारलं. दाखल्यांच्या नकला हेडमास्तरांच्या सहीशिक्क्याने खऱ्या करून आण, मूळ दाखले कुणाच्या हातात देऊ नकोस, असंही बजावलं.

मग त्यांची पेन्सिल थांबली. एस.एस.सी. जूनमध्ये आणि पहिला वर्ग थेट नोव्हेंबरात. मधे काय केलं?

सहदेव सांगून बसला. आग्रा रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. बुश, पुल्या, आटे पाडणं, सगळं केलंय.

"अरे मग हेच तर वर यायला हवं. लपवतोस काय?"

दाखला नाही, तो म्हणाला. बाई म्हणाल्या की दाखला नसला तरी चालेल, वर्कशॉपचं नाव-पत्ता दे, त्यांना वाटलं तर ते चौकशी करतील. सहदेवच्या जिभेवर आलं होतं ते त्याने गिळलं. टाइपरायटरचा खडखडाट सुरू झाला आणि चौथ्या ओळीत वर्कशॉपचं नाव उमटलं.

जे गिळलं ते असं होतं. त्या वर्कशॉपमध्ये त्याचा चुलतभाऊ दशरथ टर्नर होता. त्या वर्षी दशरथची आई गावी अंथरुणाला खिळली. एवढी रजा मिळायची नाही आणि जागा तर जायला नको. म्हणून वर्कशॉप सांभाळणाऱ्या अनंत मिस्त्रींशी बोलून त्याने सहदेवला आपल्या यंत्रावर उभं केलं. गिरणगावात असं कोण करत नाही? भाऊ गावी गेला की भाऊ उभा राहतो. हजेरीचं कार्ड दशरथचं, पगारही दशरथच्या घरी. शेठ मशीद बंदरला बसायचे, शनिवारीच फिरकायचे आणि वह्या पाहून जायचे. त्यांच्या लेखी दशरथ एक दिवसही गेला नव्हता आणि सहदेव परब नावाचा माणूस तिथे कधी आलाच नव्हता.

पंधरवड्याने बोलावणं आलं. परीक्षेला फोरमनने त्याला सळई दिली आणि आराखडा दिला. दोन पायऱ्यांची दांडी, एका टोकाला आटे. सहदेवने मापं घेतली, हत्यार लावलं आणि हात आपोआप चालू लागले. फोरमनने मायक्रोमीटर लावून पाहिला, मान हलवली, बाजूला नेऊन सांगितलं की कामात खोट नाही. हजेरी खात्यातल्या कारकुनाने मात्र अर्जावरच्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. वर्कशॉपला चौकशीचं पत्र उद्या टपालात पडेल, उत्तर आलं की नेमणूक, असं तो हसतमुखाने म्हणाला.

तिथून निघालेल्या सहदेवला एका जागी बसवेना. घरी आला, पाणी प्यायला, पुन्हा बाहेर पडला. भटवाडीच्या चढावर दोनदा वरखाली केलं. शेवटी दशरथच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

दशरथ जेवत होता. त्याने ऐकलं, हातातला घास ताटात ठेवला.

"माका इचारलंस काय रे?"

"नाही, दादा."

"शेठ काय लिवतलो? असो कोण नाय, असा लिवल्यान तर तू खोटो. आनी मिस्त्रीक बोलावन इचारल्यान तर मी आनी मिस्त्री दोघव भायर." त्याने ताट बाजूला सारलं. "तुझो अर्ज झालो, आमची वाट लागली."

त्याची बायको वनमाला चुलीपाशी होती. ती एवढंच म्हणाली, की पोरगा आपल्यासाठी उभा राहिला होता तेव्हा कुणी त्याचं नाव कुठे लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लास उघडायच्या आत सहदेव जिन्यावर बसला होता. या वेळी त्याने सगळं सांगितलं. मृणालिनीबाई चिडल्या, पण आवाज न चढवता.

"हे आधी कळलं असतं तर मी लेथचा सराव एवढंच लिहिलं असतं. वर्कशॉपचं नाव कशाला घेतलं असतं? हातात कसब आहे ते परीक्षेत दिसलंच असतं."

त्याने विचारलं, आता चौथी ओळ काढता येते का. काढता येते, बाई म्हणाल्या. पण भावाच्या कार्डाचं काही लिहायचं नाही आणि खोटंही लिहायचं नाही. त्यांनी चार ओळींचं पत्र टाइप केलं: अमुक तारखेच्या अर्जातला वर्कशॉपचा अनुभव दाखल्याने सिद्ध करता येत नसल्यामुळे अर्जदार तो मागे घेत आहे, दोन अभ्यासक्रम आणि कारखान्यात झालेली परीक्षा यांवरच विचार व्हावा.

"याने जागा जाईल?"

"जाऊ शकते. पण तिकडचं उत्तर येण्याआधी तुझं पत्र पोहोचलं पाहिजे."

तो भांडुपला धावत सुटला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पत्र आत नेलं आणि पोचेचा शिक्का मारलेली नक्कल परत आणून दिली. सहदेवने कारकुनाला भेटायचं म्हटलं. कारकून आज रजेवर होता. चौकशीचं पत्र गेलं का, हे पहारेकऱ्याला ठाऊक नव्हतं.

ते गेलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी दशरथने येऊन सांगितलं की भांडुपचा शिक्का असलेला लिफाफा शेठच्या टेबलावर पडलाय, अनंत मिस्त्रींनी तो पाहिलाय आणि फोडायची हिंमत केलेली नाही. दोघे भाऊ गॅलरीत उभे राहिले. दशरथने विडी पेटवली, अर्धी ओढली आणि विझवली. उद्या कामावर जाऊ का नको, असं त्याने विचारलं, आणि सहदेवच्या उत्तराची वाट न पाहता म्हणाला, "जाऊकच व्हया."

शनिवारी सकाळी सहदेव आग्रा रोडवर, वर्कशॉपसमोरच्या इराण्याच्या हॉटेलात येऊन बसला. कपातला चहा गार झाला तरी त्याला कळलं नाही. शेठची गाडी आली. थोड्या वेळाने यंत्रांच्या आवाजातला एक आवाज बंद पडला. तो दशरथच्या लेथचा होता, हे त्याला रस्त्यापलीकडूनही ओळखू आलं.

जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. माणसं डबे घेऊन बाहेर सावलीत बसली. अनंत मिस्त्री त्यांच्यात नव्हते, दशरथही नव्हता. शेठची गाडी अजून दारातच उभी होती.