सातवा आवाज

ऑफिसातल्या मीटिंगचं रेकॉर्डिंग लिहून काढण्याआधी मी ते मशीनला देते. कोण कधी बोललं हे ते वेगळं काढतं. नावं त्याला कळत नाहीत. सारखे वाटणारे आवाज एकत्र करून ते नंबर देतं, मग ऐकून नावं मी लावते.

कालच्या मीटिंगला माणसं सहा होती, आवाज निघाले सात.

"बाहेरचा कोण घुसला?" साहेब माझ्यावर खेकसले. या माणसाला साधं बोलताच येत नाही! माझंही डोकं फिरलं. सगळ्यांसमोरच मी सात नंबरचा तुकडा लावला.

"हो गं छकुले, विसरलो नाही. रंगपेटी घेऊनच येतो हं."

साहेबांचे कान लाल झाले. मीटिंगमध्येच त्यांना लेकीचा फोन आला होता. आवाज इतका मऊ, की मशीनने माणूसच दुसरा धरला.

"एक आणि सात एकत्र कर," ते पुटपुटले. मी केलं.

आज मीटिंग सुरू होताच साहेबांनी टेबलावर हात आपटला. अकाउंटंटबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आज जरा सात नंबरला बोलू द्या ना."