घरचे सगळे

श्रेणिकच्या मिरची पावडरच्या कारखान्यात बावीस माणसं कामाला होती. आपल्या माणसांचा आरोग्य विमा काढायचा हे त्याने मनावर घेतलं तेव्हा नंदुरबारच्या बाजारात त्याची थोडी थट्टाच झाली. पण श्रेणिक हट्टाला पेटला की पेटला. विम्याचं काम करणाऱ्या चारुलताबाई कारखान्यात आल्या आणि त्यांनी सगळं उलगडून सांगितलं.

"कामगार, नवरा किंवा बायको आणि दोन मुलं, मिळून वर्षाला तीन लाखांपर्यंत. जुनी दुखणीही पहिल्या दिवसापासून धरली जातील. दवाखान्यातल्या खोलीच्या भाड्याला दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे, ती मात्र सांगून ठेवा."

"आणि आईवडील?" श्रेणिकने विचारलं.

"ते घेतले तर हप्ता जवळजवळ दुप्पट होतो. नाहीतर असं करा, ज्यांना हवं त्यांनी आईवडिलांचा हप्ता आपल्या पगारातून भरायचा. पण पॉलिसी सुरू झाल्यापासून महिन्याच्या आत नावं द्यायला हवीत. त्यानंतर मध्येच फक्त नव्या लग्नाचा जोडीदार किंवा नवं बाळ येऊ शकतं. आई येत नाही."

दुप्पट हप्ता श्रेणिकला झेपणारा नव्हता. पगारातून भरायची वाट त्याला पटली. धनत्रयोदशीला पॉलिसी सुरू होणार होती, त्याच दिवशी पूजेनंतर सगळ्यांना समजावू, असं त्याने ठरवलं.

पूजा झाली, पेढे वाटले. श्रेणिक बोलायला उभा राहिला तोच त्याच्या आईने, धनकंवरबाईंनी, त्याचा सदरा ओढला. "आजच्या दिवशी दवाखाना, आजारपण असलं काही तोंडातून काढू नकोस. लक्ष्मी समोर बसलीय." आईचा शब्द मोडायची रीत त्या घरात नव्हती. श्रेणिक हसत म्हणाला, "आजपासून तुमची आणि घरच्यांची काळजी कारखान्याची." टाळ्या पडल्या. उरलेलं दोन दिवसांनी सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं.

मग मिरचीचा हंगाम अंगावर आला. पथारीवर, वाळवणाच्या मोकळ्या मैदानात, लाल मिरची पसरली, चक्की दिवसरात्र चालू लागली, आणि ते दोन दिवस कधी उजाडलेच नाहीत. विम्याची कार्डं आली, तीही नुसतीच वाटली गेली. चारुलताबाईंचा आठवणीचा फोन आला तेव्हा तो लिलावात होता. "करतो, करतो," म्हणाला. महिना उलटून गेल्यावर त्याला आठवलं, आणि एवढ्यात कोण आजारी पडतंय म्हणून त्याने विषय सोडून दिला. माणूस स्वतःची समजूत किती स्वस्तात घालतो!

चक्कीवरच्या अनीसची आई जानेवारीत छातीत कळ येऊन बसली. शेजारी म्हणाले, धुळ्याला ने, तिथे सरकारी योजनेत होईल. अनीस म्हणाला, कशाला? सेठच्या विम्याचं कार्ड आहे, सुरतला नेऊ, चांगल्या दवाखान्यात. त्याच्या बोलण्यात थोडा तोराही होता, आणि का नसावा?

सुरतला खिडकीवरच्या मुलीने यादी पाहिली. अनीस होता, त्याची बायको गजाला होती, दोन्ही मुलं होती. आईचं नाव नव्हतं. महाराष्ट्राची सरकारी योजना गुजरातेतल्या त्या दवाखान्यात चालत नव्हती. भरायला सांगितलेली रक्कम अनीसच्या आवाक्याबाहेरची होती. श्रेणिकला फोन करावा असं गजालाने सुचवलं. तो नको म्हणाला. सेठने एवढं केलं, वर पैसे कुठल्या तोंडाने मागायचे? गाडी करून ते धुळ्याकडे निघाले. धुळ्याला पोचले तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, की थोडं आधी आणायला हवं होतं.

अनीस कामावर परतला त्या दिवशी चहाच्या वेळी सगळे त्याच्याभोवती बसले. मिरचीची देठं खुडणाऱ्या रंजनाबाईने विचारलं, "सेठना इमा व्हता ना रे भाऊ?"

"व्हता. पण माय त्यामा नव्हती. नाव देनं पडस म्हणे," अनीस म्हणाला. "सेठनी सांगं व्हई. मन्हंच ध्यान नव्हतं. पेढा खाई ऱ्हायनू व्हतू मी."

केबिनच्या दारात उभ्या श्रेणिकने हे ऐकलं. अनीस त्याला सांभाळून घेत नव्हता. सेठने सांगितलं असणार असं त्याला खरोखर वाटत होतं, आणि आई गेल्यापासून तो स्वतःलाच शिव्या घालत होता. श्रेणिकला परत आत जाता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं.

तो बाहेर आला. "अनीस, तुझं ध्यान होतं. मीच सांगितलं नाही. आईवडिलांची नावं वेगळी द्यायची होती, महिन्याच्या आत. पगारातून भरायचे होते. मी कुणालाच सांगितलं नाही."

मग रंजनाबाई हळूच म्हणाली, "मंग मन्ही सासू बी नही का त्यामा?"

"नाही. आता पॉलिसी नवी होईल तेव्हाच."

अनीसने कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तो असता तर श्रेणिकला बरं वाटलं असतं. त्याच्याकडे बघून अनीसने विचारलं, "म्हणजे सेठ, तुमले मालूम व्हतं?"

"हो," श्रेणिक म्हणाला.