मंगळवारची गाडी

लढाईचे दिवस होते. नंदुरबारच्या स्टेशनात मालाचे डबे येईनासे झाले, आणि मिरचीची वखार दारापर्यंत भरली. वखारीचा हिशेब ठेवणारा मेहता रतिलाल स्वतः टांग्याने कोरीट गावी आला.

"गजराबाई, उद्या गाडी आनू नका. पाय ठेवाले जागा नही. मंगळवारनी सकाय, नहीतर शुक्रवारनी दुपार. दोन गाड्या उचलायनात का जागा व्हई. आन तवलोंग मिरचीवर पानी मारू नका."

गजराबाईने कुंपणापलीकडे पाहिले. तिकडे धाकटी जाऊ रमिला राहत होती. वाटणी झाली तरी नजर वाटली गेली नव्हती.

"तिन्हा माल परवा कसा उतरना?"

"तव्हय जागा व्हती. तिन्हाबी आर्धा माल ऱ्हायना शे. पन पहिला शब्द तुमना. कोनता वार?"

"तिलेच इचार आधी!"

रतिलाल कुंपणाला वळसा घालून रमिलाकडे गेला. रमिलाचे हसणे ऐकू आले आणि गजराबाईच्या जिवात मिरचीचा ठसका बसला. जात्यावर ती गुणगुणायची,

लाल मिरची वाळे मन्ही पथारीवर,
डोळा मन्हा लागे तिन्ही ओसरीवर.

संध्याकाळी तिने पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीवर पाणी शिंपडले. कोरडी मिरची भरताना मोडते, ओलसर झाली की नरम पडते; पण भरलेले पोते मग लवकर उघडावे लागते. ते ठाऊक असूनही तिने पोती दाबून भरली. उद्याचा वार आपला ठरला होता. तो रमिलासाठी कोण अडवतो ते पाहू.

सकाळी ती गाडी घेऊन नंदुरबारला पोचली, तर वखारीच्या ओट्यावरसुद्धा पोत्यांची थप्पी होती. रतिलालने गाडीतल्या पोत्यात हात घातला आणि चटकन बाहेर काढला.

"बाई, नको सांगं व्हतं, तरी पानी मारं! आतून ऊब उठनी. आज पसारी नही त काळी पडी."

कोरीट गाठेपर्यंत ऊन कलले असते. वखारीमागे मिरची वाळवायची एकच पथारी होती, रमिलाने भाड्याने घेतलेली. तिचा उरलेला माल तिथे वाळत होता, आणि ती स्वतः तो उलटत होती. गजराबाई बैलांच्या शिंगांकडे पाहत उभी राहिली. मिरची काळी पडलेली परवडेल की हिच्यापुढे तोंड उघडणे?

रमिलाने काही विचारलेच नाही. मिरची ओढायच्या लाकडी फळ्याने आपली मिरची एका कडेला ओढली.

"आक्का, उतरव."

पोती रिकामी झाली. उन्हात दोन्ही लाल रंग शेजारी पडले. रमिलाचा अंमळ गडद होता. गजराबाईने दोनदा वाकून पाहिले.

"मंगळवार कोनले देऊ?" रतिलालने विचारले. "रमिलाबाईनी काल सांगं व्हतं, आक्का सोडी तो वार चाली..."

"मंगळवार मन्हा!" गजराबाई ओरडली. "तिनी माले देवाना आधीच मी लिन्हा!"

रमिला पदरात हसली.

"आन पानी सोमवारले मारजो, आक्का."

"माले शिकाडू नको," गजराबाई म्हणाली, आणि सोमवार मनात बांधून ठेवला.