चाळीस उड्या

आमच्या शाळेमागे लांब उडीचा खड्डा होता, त्यापलीकडे सुरूची झाडं आणि मग समुद्र. १९८४च्या फेब्रुवारीत दुपारी दीड वाजता त्या खड्ड्यातून मला आवाज येऊ लागला. धप्प. मग शांतता. मग पुन्हा धप्प. त्या खड्ड्यात रोज उड्या मारणारी एकच मुलगी होती, सुगंधा. आणि ती तर आठवडाभर घरी खाटेवर पडून होती.

मी तिथे खेळाची शिक्षिका होते. सुगंधा नऊ वर्षांची असताना तिची उडी पहिल्यांदा मीच टेपने मोजली आणि तिचे वडील हरिश्चंद्र, कचेरीतले कारकून, यांना म्हटलं, "हिच्या पायात काहीतरी आहे." त्यांनी तडक गावच्या देवळात नवसाचं गाऱ्हाणं घातलं : मुलगी राज्याच्या संघात जाईपर्यंत दुसऱ्या खेळाला शिवणार नाही, रोज चाळीस उड्या देवाच्या नावाने. मधल्या सुट्टीत ते सायकलवरून येत आणि खड्ड्याशी उभे राहून मोजत. मीही टेप घेऊन शेजारी उभी राहायचे. जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी कुठल्या शिक्षिकेला नको असते?

एकदा मी सहज तिच्याकडे चेंडू फेकला. तो तिच्या छातीवर आदळून खाली पडला. हात वर आलेच नाहीत. खो-खोत मुली सापासारख्या वळायच्या, ही सरळ धावत जायची आणि वळणावर पडायची. तिची आई नर्मदा मला म्हणाली, "बाई, झोपेतसुद्धा ती डावो पाय मारता. मी मोजलंय. चाळीस झाले की थांबता."

मग अकराव्या वर्षी त्याच डाव्या गुडघ्याखाली टेंगूळ आलं. कसालच्या आग्नेल डॉक्टरांनी तिथे अंगठा दाबला तशी ती किंचाळली.

"हाड वाढतंय," डॉक्टर म्हणाले. "या वयात हाडाचं टोक मऊ असतं. मांडीचा स्नायू प्रत्येक उडीला त्याच जागी ओढतो. थांबवलंत तर बहुतेक बरं होईल. मग पोहू दे, चेंडू खेळू दे. भार सगळ्या अंगावर वाटला जाऊ दे."

"पण आता सोडलं तर मागे पडेल ना?" हरिश्चंद्रांनी विचारलं.

"जिमनॅस्टिकसारख्या एखाद्या खेळात लवकर सुरुवात करतात, तिथेही जपावं लागतं. उडीचं खरं वय विशीनंतर येतं. पंधरापर्यंत सगळं खेळलेली मुलं मागे पडत नाहीत, उलट टिकतात. हिला विचारलंत कधी, उडी आवडते का?"

हरिश्चंद्रांनी मुलीकडे पाहिलं. ती टेबलाकडे पाहत होती.

आणि त्यानंतर तो आवाज सुरू झाला. आठव्या दिवशी मी धीर करून सुरूंमधून गेले. ऊन पांढरं पडलं होतं. वाळूत फळीपाशी डाव्या पायाचे खोल ठसे होते, पण लहान मुलीचे नव्हेत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हरिश्चंद्र धावत येत होते. पन्नाशीचा माणूस. धप्प. उठले, वाळू झटकली, पुटपुटले, "एकतीस." मला पाहूनही थांबले नाहीत. चाळीस उड्या मारताना सुगंधाचे डोळे जसे थिजलेले असत, तसेच त्यांचे झाले होते.

"हरिश्चंद्र, काय चाललाहा ह्या?"

"देवाक शब्द दिलंय, बाई. तिचो पाय चलना नाय, तर माजो. खंड पडलो तर तिका काय जायत, कोणाक ठावक!"

चाळीस पुरे होईपर्यंत मी तिथे उभी होते. मग त्यांना घेऊन देवळात गेले. गावातर्फे देवाला गाऱ्हाणी घालणारे गावकर अप्पा पायरीवर विडी ओढत होते. सगळं ऐकून म्हणाले, "देवान मागलान काय रे ह्या तुज्याकडे? तूच दिलस. आणि दिलस कोणाचा? चेडवाचा, तुज्या लेकीचा! आपलो पाय तेवा खंय ठेवललस?"

मी म्हटलं, "अप्पा, सुरुवात माझी होती."

"मग दोघांय हात जोडा."

त्यांनी नारळ ठेवला आणि देवाला सांगितलं की ह्या बापाने चुकून दिलेल्या शब्दातून त्याला मोकळं कर, ह्या चेडवाक पंधरा वर्षांपर्यंत व्हया ता खेळांदे, मगे तिचा तीच ठरवात. आम्ही दोघांनी म्हटलं, "होय म्हाराजा."

टेंगूळ राहिलं, दुखणं हळूहळू गेलं. सुगंधा खाडीत पोहायला शिकली, लंगडी खेळली, व्हॉलीबॉलमध्ये रडून भांडली. पहिल्यांदा चेंडू झेलला तेव्हा तिने हातांकडे असं पाहिलं, जणू ते आत्ताच फुटले होते.

चार वर्षांनी एका दुपारी पुन्हा आवाज आला. धप्प. मी गेले. खड्ड्यात सुगंधा होती, एकटी. तिने तीन उड्या मारल्या, तिसरीनंतर मागे वळून आपलाच ठसा पाहिला आणि हसली.

"बाई, टेप आसा?"

मी टेप आणायला वळले, तेव्हा सुरूच्या खोडाआड हरिश्चंद्र दिसले. त्यांचे ओठ मोजल्यासारखे हलत होते. मला पाहताच त्यांनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला.